एका फोटोतून आठ पावलं

छत्री घेतलेल्या आजोबांचा फोटो समोरून काढलेला आहे. चालताना मात्र ते बाजूने दिसायला हवेत. म्हणून आधी फोटोवरून मोजक्या रंगांचं, ठळक कडांचं बाजूचं चित्र काढायचं आणि डोकं, धड, हात, पाय वेगळे करायचे.

६४ पिक्सेलचे आठ चौकोन ओळीने आखले की ५१२ बाय ६४ चं स्प्राइट शीट तयार होतं. पहिल्या चौकोनात पुढची टाच जमिनीला टेकते, दुसऱ्यात गुडघा वाकून शरीर खाली जातं, तिसऱ्यात मागचा पाय पुढे येतो, चौथ्यात शरीर उंचावतं. उरलेल्या चारांत पाय बदलतात, पण चित्र उलटवायचं नाही. उलटवलं तर आजोबांचं तोंड मागे फिरेल. छत्रीही त्याच हातात राहायला हवी.

नवशिक्यांचा नेमका घोटाळा होतो तो पाय घसरण्याचा. टेकलेला पाय प्रत्येक चौकोनात सारखाच, समजा चार पिक्सेल, मागे सरकला पाहिजे आणि गेमनेही आजोबांना दर चौकोनाला चारच पिक्सेल पुढे न्यायला हवं. सेकंदाला दहा चौकोन दाखवले तर वेग चाळीस पिक्सेल होतो. गेममध्ये साठ ठेवलात, तर आजोबा बर्फावरून घसरल्यासारखे दिसतील.