बंद पेटीवरचे चार आकडे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांच्या दुकानात बीसी ५४७ बी हा तीन पायांचा काळा ट्रान्झिस्टर चिल्लर पैशांत मिळतो. त्याच्या डेटाशीटमध्ये चार आकडे दिलेले असतात: ४.५ किलोओहम, ०.०००२, ३३० आणि ३० मायक्रोसिमेन्स. परीक्षेपुरते ते पाठ करून विसरणारे पुष्कळ. पण अ‍ॅम्प्लिफायर किती पट देईल, हे सोल्डरिंगची इस्त्री तापवण्याआधीच सांगण्याची ताकद या चौघांत आहे.

ट्रान्झिस्टरच्या आत काय चालते हे क्षणभर विसरा आणि त्याला एक बंद पेटी समजा. एका बाजूने दोन तारा आत जातात, दुसऱ्या बाजूने दोन बाहेर येतात. बेस आणि एमिटरमधून संकेत आत, कलेक्टर आणि एमिटरमधून बाहेर. एमिटर दोघांना सामाईक. दोन्ही बाजूंना एक-एक प्रवाह आणि एक-एक व्होल्टेज, म्हणजे एकूण चार राशी. त्यांतल्या दोन ठरल्या की उरलेल्या दोन आपोआप ठरतात. कोणत्या दोन आपण ठरवायच्या, एवढाच प्रश्न. इथे आतला प्रवाह आणि बाहेरचे व्होल्टेज धरतात:

```
v1 = hie*i1 + hre*v2
i2 = hfe*i1 + hoe*v2
```

एक राशी प्रवाहाची आणि एक व्होल्टेजची घेतल्यामुळे चार गुणकांची एककेही वेगवेगळी येतात. पहिला ओहममध्ये, शेवटचा सिमेन्समध्ये, मधले दोघे नुसती गुणोत्तरे. म्हणून यांना हायब्रिड, म्हणजे संकरित म्हणतात, आणि नावातला ‘एच’ तिथूनच आला. निवड सोयीची आहे. कलेक्टरला मोठा कपॅसिटर लावून बदलता संकेत जमिनीवर नेणे सोपे, आणि बेसच्या वाटेत मोठा रोध ठेवून तिथला बदलता प्रवाह अडवणेही सोपे. या दोन युक्त्यांनी चारही आकडे मोजता येतात.

आता त्यांचा अर्थ. एचआयई म्हणजे पेटीच्या दारात संकेताला भेटणारा रोध, ४५०० ओहम. एचएफई म्हणजे बेसमध्ये एक मायक्रोअँपिअर घातला तर कलेक्टरमध्ये ३३० मायक्रोअँपिअर हलतात. एचओई सांगते की बेस शांत ठेवून कलेक्टरचे व्होल्टेज एका व्होल्टने वाढवले, तर प्रवाह ३० मायक्रोअँपिअरने वाढतो. एचआरई हा उलट वाटेचा आकडा: बाहेर एक व्होल्ट हलला तर आत ०.२ मिलीव्होल्ट परत झिरपतो. हे सारे पाच व्होल्ट, दोन मिलीअँपिअर आणि एक किलोहर्ट्‌झला. ही अट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच गाडे अडणार आहे.

कलेक्टरला २.२ किलोओहमचा भार लावू. एमिटरचा रोध कपॅसिटरने ओलांडलेला आहे, आणि बेसचे बायस रोध हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून बाजूला ठेवू.

```
Ai = -hfe/(1 + hoe*RL) = -330/1.066 = -310
Zi = hie + hre*Ai*RL   = 4500 - 136 = 4364 ohm
Av = Ai*RL/Zi          = -156
```

संकेत १५६ पट होतो. वजाचे चिन्ह तो उलटा होऊन बाहेर येतो एवढेच सांगते. एचआरई आणि एचओई दोन्ही सोडून नुसते ३३० गुणिले २२०० भागिले ४५०० केले, तर १६१ येते. फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा. रोधच पाच टक्के इकडेतिकडे असतात, तेव्हा रोजच्या कामाला हा छोटा हिशेब पुरतो. एचओई आणि भार यांचा गुणाकार ०.१ च्या खाली असेपर्यंत त्यावर खुशाल विसंबावे. इथे तो ०.०६६ आहे.

आता तोच ट्रान्झिस्टर वेगळ्या तऱ्हेने जोडू. संकेत एमिटरला द्यायचा आणि बेस जमिनीवर ठेवायचा. पेटी तीच, पण दारे बदलली, म्हणून आकडेही बदलतात. नव्याने मोजायची गरज नाही, जुन्यांवरून काढता येतात:

```
hib = hie/(1+hfe) = 4500/331 = 13.6 ohm
hfb = -hfe/(1+hfe) = -0.997
hob = hoe/(1+hfe) = 0.09 microsiemens
hrb = hie*hoe/(1+hfe) - hre
    = 0.00041 - 0.00020 = 0.00021
```

शेवटच्या ओळीशी थांबायला हवे. इथे दोन इवल्याशा, जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी आहे. एचआरई प्रत्यक्षात दुप्पट निघाला, तर उत्तर जवळपास शून्यावर येते. म्हणून या रूपांतरातल्या पहिल्या तीन आकड्यांवर माझा भरवसा आहे, चौथ्यावर नाही.

तीच सूत्रे पुन्हा चालवली की आतला रोध १४ ओहम निघतो आणि व्होल्टेजची वाढ पुन्हा १५६ पट, यावेळी उलटी न होता. आकडा जुळला, म्हणजे रूपांतर बरोबर झाले. पण दोन्ही मंडलांना एक किलोओहम अंतर्गत रोधाचा स्रोत जोडून पाहा. पहिल्यात ५३६४ पैकी ४३६४ ओहम आपल्या वाट्याला येतात आणि एकूण वाढ १२७ पट राहते. दुसऱ्यात १०१४ पैकी जेमतेम १४! तिथे वाढ २.२ पटीवर कोसळते. ट्रान्झिस्टर बिघडलेला नसतो, स्रोताचा संकेत दारातच विरतो. ५० किंवा ७५ ओहमच्या अँटेनासाठी मात्र हीच जोडणी योग्य, कारण तिचा स्रोतच कमी रोधाचा असतो.

प्रयोगशाळेत सर्वांत जास्त दिसणारी चूक निराळीच आहे. मल्टिमीटरच्या खाचेत ट्रान्झिस्टर घालून मुले एचएफईचा आकडा वाचतात, समजा ४५०. मग डेटाशीटमधला ४५०० ओहम घेऊन २२० पट वाढ काढतात, आणि स्कोपवर ती कधीच दिसत नाही. मीटर दाखवतो तो आकडा स्थिर प्रवाहाचा आणि वेगळ्याच बायसवरचा. शिवाय एचएफई वाढला की एचआयईही त्याच्याबरोबर वाढतो. एक मीटरमधून आणि दुसरा कागदावरून घेतला की हिशेब फसलाच.

याच ट्रान्झिस्टरच्या अ, ब, क गटांत एचएफई २२०, ३३० आणि ६००, एचआयई २.७, ४.५ आणि ८.७ किलोओहम. एचएफई जवळजवळ तिप्पट होतो, तरी २.२ किलोओहमवर वाढ येते १७९, १६१ आणि १५२. त्यामागचे कारण असे की एचएफई भागिले एचआयई हे गुणोत्तर खोलीच्या तापमानाला मुख्यतः कलेक्टरच्या प्रवाहावर ठरते, म्हणजे प्रवाह भागिले २६ मिलीव्होल्ट. दोन मिलीअँपिअरला ते व्होल्टमागे ७७ मिलीअँपिअर येते. आपल्या ‘ब’ गटाचे आहे ७३.

तेव्हा मंडल जोडण्यापूर्वी हा एक भागाकार जरूर करा. उत्तर ७७ च्या आसपास नसेल, तर तुमचे दोन आकडे एकाच प्रवाहावरचे नाहीत.