समासातले आकडे

देवळाली प्रवरेतून जिल्ह्याला जाणारी प्रत्येक बातमी आधी दुसऱ्या कुणीतरी वाचायची आणि कॉपीच्या समासात चार गुण मांडायचे, ही रीत आम्ही तिघा वार्ताहरांनी 2009 मध्ये सुरू केली. अचूकता, आधार, न्याय आणि स्पष्टता असे चार रकाने, प्रत्येकी पाच गुण, एकूण वीस. बारा किंवा जास्त मिळाले की बातमी रवाना. गुणांची वही माझ्याकडे होती आणि ती मी जपून ठेवली आहे. परवा ती पहिल्या पानापासून वाचून काढली, तेव्हा आमची पद्धत कुठे चुकत होती ते नीट उमगले.

सुरुवातीच्या पानांवर ठळक दिसते ती गावाच्या नावाची चूक. कॉपीत नुसते 'देवळाली' लिहिले की जिल्ह्याच्या टेबलावर ती नाशिकजवळची देवळाली होते आणि 'प्रवरा' म्हटले की लोणीचे प्रवरानगर होते. अशा चुका पहिल्याच वाचनात सापडत, आणि त्या पकडल्या की आपण बातमी तपासली असे समाधान वाटे. मोठी चूक मात्र तिथे नसायची.

ती कळली 2011 मध्ये. एका पतसंस्थेच्या सचिवाने रक्कम भरली नाही अशी बातमी होती. लेखापरीक्षणाच्या अहवालाची प्रत हातात होती, म्हणून आधाराला चार गुण. आकडे अहवालाप्रमाणे होते, म्हणून अचूकतेलाही चार. भाषा स्वच्छ, पाच गुण. सचिवाला कुणीच विचारले नव्हते, म्हणून न्यायाला एक. बेरीज चौदा झाली आणि बातमी छापून आली. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ पावती घेऊन दारात उभा राहिला. अहवालाच्या तारखेनंतर पंधरा दिवसांनी त्याने रक्कम भरली होती. अहवाल त्याच्या तारखेपुरता खरा होता, आमची बातमी खोटी होती. त्याला एक फोन केला असता तर हे बातमी जाण्याआधीच कळले असते. संबंधिताची बाजू आधी विचारा, असे प्रेस कौन्सिलचे आचारनियम सांगतात. आम्ही तो शिष्टाचार समजत होतो. खरे तर ती अचूकतेचीच तपासणी आहे, कारण कागदातली सर्वांत अलीकडची चूक ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच ठाऊक असते.

त्या दिवसापासून आम्ही बेरीज बंद केली. अचूकता, आधार, न्याय यांपैकी एकातही तीनपेक्षा कमी गुण पडले की कॉपी थांबवायची, बाकीच्या रकान्यांत काहीही असो. स्पष्टतेचे गुण सर्वांत शेवटी द्यायचे, हेही ठरले. वही सांगते की सफाईदार लिहिलेल्या कॉपीला आम्ही आधारातही एखादा गुण जास्त देत आलो होतो. वाक्य गुळगुळीत असले की 'हे याला कुणी सांगितले?' हा प्रश्न मनात उठतच नाही. म्हणून आधी प्रत्येक विधानाखाली रेघ मारायची आणि समासात चारपैकी एक शब्द लिहायचा: पाहिले, कागद, बोलला, ऐकीव. हे शब्द मोजले की आधाराचे गुण आपोआप ठरतात.

या पद्धतीची खरी कसोटी लागली 2023 च्या पाण्याच्या बातमीत. 30 ऑक्टोबरला वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी 8.603 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. आमच्या भागाचे पाटपाणी भंडारदऱ्याच्या उजव्या कालव्याचे आणि मुळा धरण तालुक्यातच, त्यामुळे गावात दुसरा विषय नव्हता. तरुण सहकाऱ्याची कॉपी तासाभरात आली. मुळा आणि भंडारदऱ्यातून साडेआठ टीएमसी पाणी जाणार, चार हजार क्युसेकने दोन दिवसांत मुळा रिकामे होणार, तालुक्याचे वाळवंट होणार, असे सूत्रांनी सांगितले. वाचताना अंगावर काटा आला, इतकी ती चांगली लिहिली होती.

मी रेघा मारत गेलो. साडेआठ हा आकडा सगळ्या धरणांचा मिळून होता. आदेशात मुळा धरणातून 2.10, प्रवरेवरच्या भंडारदरा-निळवंडेतून 3.36 आणि नाशिककडच्या गंगापूर व दारणा समूहातून उरलेले 3.143 टीएमसी होते. म्हणजे आपल्या दोन नद्यांचा वाटा 5.46. नाशिकचे तीन टीएमसी कॉपीने आपल्याच अंगावर घेतले होते.

दुसरी रेघ क्युसेकखाली. क्युसेक हा वेग आहे, सेकंदाला एक घनफूट. टीएमसी हा साठा आहे, शंभर कोटी घनफूट. एका दिवसात 86,400 सेकंद असतात, म्हणून 11,574 क्युसेकने चोवीस तास पाणी सोडले की एक टीएमसी होते. चार हजार क्युसेकने दिवसाला जेमतेम एक तृतीयांश टीएमसी जाते. मुळाचे 2.10 टीएमसी जायला सहा दिवस लागतील आणि धरणाची क्षमता 26 टीएमसी आहे. दोन दिवसांत रिकामे होण्याचा प्रश्नच नव्हता. क्युसेक आणि टीएमसी एकाच वाक्यात आले की मी आजही आधी हा भागाकार करतो.

समासात 'ऐकीव' पाच वेळा आणि 'कागद' एकदाही नाही, असे निघाले. आदेश लेखी असताना सूत्रांचे नाव कशाला? सूत्रांचा आडोसा ज्याला बोलल्याने धोका आहे त्याच्यासाठी असतो, न वाचलेल्या कागदासाठी नसतो. न्यायाच्या रकान्यात मी दोन लिहिले. जायकवाडीचा उपयुक्त साठा 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे, हे सूत्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या निर्णयातले आहे. तो नियम कुणाला मान्य असो वा नसो, कॉपीत त्याचा उल्लेखही नसल्याने पाणी मनमानीने चालले आहे असेच वाचकाला वाटले असते. 'वाळवंट' हा शब्द नेत्याचा असेल तर त्याच्या नावाने अवतरणात जावा, वार्ताहराच्या तोंडी नको.

अचूकता दोन, आधार एक, न्याय दोन, स्पष्टता चार. कॉपी थांबली. सहकारी नाराज झाला, इतर पत्रांत सकाळीच येईल म्हणाला, आणि तशी ती आलीही. त्याने आदेश मिळवला, पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याशी बोलला. हे आकडे धरणाच्या दारातले आहेत की जायकवाडीत पोहोचणाऱ्या पाण्याचे, हेही त्याने विचारले. नदीपात्रात वाटेत पाणी मुरते, म्हणून दोन्ही एक नसतात आणि खालची व वरची माणसे त्यावरूनच भांडतात.

दुसऱ्या वाचनाला आम्ही दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता गुण दिले. ही सवय उशिरा लागली, पण तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही. तीन रकाने जुळले. न्यायाला मी चार दिले होते, त्याने स्वतःच्याच कॉपीला तीन. कारण विचारले तर म्हणाला, "भाऊ, टेलचा एकही शेतकरी यात नाही. आवर्तन चुकले तर पहिला ऊस त्याचा वाळणार." गुणांनी कॉपी पास झाली होती. तरी ती आणखी अर्धा दिवस थांबवून तो मोटारसायकलने चारीच्या शेवटच्या टोकाला गेला.