देणं-घेणं, लेखांक ९ : चेक परत आला तर

गेल्या महिन्यात छपाईचा व्यवसाय करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या, संतापलेल्या. एका शिक्षणसंस्थेने दिलेला ४८,५०० रुपयांचा चेक वटला नव्हता. ‘तुम्ही आम्हाला फसवलंत’ असा मेसेज त्यांनी लिहूनही ठेवला होता, फक्त पाठवायचा बाकी होता. मी बँकेचा मेमो मागितला. त्यावर कारण होतं : खातेदाराची सही अपूर्ण. संस्थेच्या खात्यावर दोन सह्या लागतात, चेकवर एकच होती.

म्हणून आधी मेमो वाचावा. खात्यात पैसे कमी, सही जुळत नाही, अक्षरी आणि अंकी रकमेत फरक, पेमेंट थांबवलेलं, खातं बंद, या प्रत्येकाचा अर्थ वेगळा. पैसे कमी असले तरी त्यामागे लबाडीच असेल असं नाही. चेक देणाऱ्याचीही कुठली तरी येणी अडकलेली असू शकतात.

आम्ही मेसेज असा बदलला :

‘नमस्कार सर. आमच्या बिल क्र. ११२ पोटी मिळालेला, ३ जून तारखेचा ४८,५०० रुपयांचा चेक बँकेकडून ६ जूनला परत आला. मेमोवर “खातेदाराची सही अपूर्ण” असं कारण आहे. मेमोचा फोटो सोबत जोडला आहे. नवा चेक द्याल की रक्कम ट्रान्सफर कराल, ते १२ तारखेपर्यंत कळवावं.’

चेक परत आल्याचं सांगताना यात ‘तुम्ही’ कुठेच कर्ता नाही. चेक परत आला, एवढंच. मराठीत ही सोय आयती आहे, ती वापरावी. कारण बँकेच्याच शब्दांत द्यावं, अंदाज जोडू नये. मेसेज ज्यांच्याशी व्यवहार आहे त्यांनाच जावा, ग्रुपवर नको. बँकेने आपल्याकडून कापलेला दंड मी पहिल्या मेसेजमध्ये घालत नाही. पैसे आल्यावर तो वेगळा मागता येतो.

मात्र सौम्य बोलताना तारखा सुटू देऊ नका. पैसे अपुरे म्हणून चेक परत आला असेल, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस मिळतात. आपल्या गोड बोलण्याने हे ३० दिवस थांबत नाहीत. ‘पुढच्या सोमवारी नक्की’ असं तीनदा ऐकलं, की महिना उलटलेला असतो. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत पुन्हा भरता येतो, पण तोही विचारून भरावा. मी विसाव्या दिवशी वकिलांना फोन करा असं सांगतो.

या बाईंना विसावा दिवस पाहावा लागला नाही. दुसऱ्याच दिवशी संस्थेचे हिशेबनीस दोन सह्यांचा नवा चेक घेऊन दुकानात आले. जुना चेक बाईंनी नवा वटल्यावरच परत दिला, झेरॉक्सवर पोच घेऊन.