घास आणि गोळी

अमरावतीत नवरात्रात पहाटेपासून अंबादेवीच्या वाटेला बायकांची रीघ लागते. काही वर्षांपूर्वीच्या अष्टमीला माझी आत्याही त्या रांगेत होती. वय अडुसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, नऊ दिवसांचे उपास. सकाळी सहाला तिने नेहमीची गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला आणि अनवाणी निघाली. साडेआठपर्यंत परत येऊन उसळ खायची, असा बेत होता. रांगेतच दहा वाजले.

मी अकोल्यात तीस वर्षे औषधांचे दुकान चालवले. त्या दिवशी योगायोगाने आत्याकडेच उतरलो होतो. साडेदहाला ती घरी आली, ती शेजारणींच्या आधाराने. कपाळ आणि मान घामाने डबडबलेली, हात थरथरत होते, नजर कुठेतरी भलतीकडे. मला तिने माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली आणि लगेच उगाचच रागावली. शेजारीण हळूच म्हणाली, ‘‘देवी आली वाटते अंगात.’’ दुसरीने कुंकवाचा करंडा आणला.

देवी अंगात आली असती, तर मी बोललो नसतो. पण आत्याचे हात थंडगार आणि ओले होते. तिच्या कपाटातले शुगर मोजायचे यंत्र काढले. आकडा आला ४६.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर ती कमी समजतात. ५४ च्या खाली गेली, की मेंदूचे काम बिघडू लागते. घाम, थरथर, छातीत धडधड आणि एकाएकी भूक ही शरीराची पहिली हाक. त्यानंतर मेंदूची पाळी येते. माणूस चिडतो, बरळतो, पाय लटपटतात, जवळच्या माणसाची ओळख चुकते, शेवटी झटके किंवा बेशुद्धी. म्हातारपणी पहिली हाक क्षीण होते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल, तर धडधड आणि थरथर दबते. घाम मात्र बहुधा येतोच. म्हणून गोळी घेणारा माणूस विचित्र वागू लागला, की आधी बोट टोचून आकडा पाहावा. यंत्र नसेल, तर साखर कमी आहे असे धरूनच चालावे. साखर वाढलेली असताना तीन चमचे साखरेने मोठे बिघडत नाही. ती कमी असताना नुसती वाट पाहणे मात्र महागात पडते.

आत्या गिळू शकत होती, म्हणून अर्ध्या पेल्यात तीन चमचे, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम साखर विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा ६८. पुन्हा तितकीच दिली. आणखी पंधरा मिनिटांनी ९४. ती शुद्धीवर आली आणि पहिले वाक्य बोलली, ‘‘मले काई झालं नाई. गोई तं वेळेवर घेतली होती बाप्पा!’’

दुखणे नेमके त्या वाक्यात होते.

गोळी होती ग्लिमेपिराइड दोन मिलिग्रॅम, सोबत मेटफॉर्मिन, दोन्ही एकाच टिकियेत. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड ही सल्फोनिलयुरिया कुळातली भावंडे. या कुळाचा जन्मच उपाशी पोटांवर झाला आहे. १९४२ साली, युद्धाच्या टंचाईत, फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात मार्सेल झांबाँ हे डॉक्टर टायफॉइडच्या रोग्यांना एक नवे सल्फा औषध देत होते. त्यांतल्या काही रोग्यांना झटके आले, काही बेशुद्ध पडले, काही दगावले. रक्तातली साखर फार खाली गेली होती. त्याच शहरातल्या ऑग्युस्त लुबातिएर यांनी ते औषध कुत्र्यांवर तपासले. स्वादुपिंड शाबूत असलेल्या कुत्र्यांची साखर उतरली. स्वादुपिंड काढलेल्यांची उतरली नाही. म्हणजे औषध स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेते. पुढे १९५५ च्या सुमारास बर्लिनमध्ये याच जातीचे औषध मधुमेहींना देऊ लागले. रोग्यांचा अपघात होता, त्याचीच पुढे गोळी झाली.

निरोगी स्वादुपिंड जेवणाची वाट पाहते. रक्तात साखर आली, की त्याच्या पेशी इन्शुलिनचे दार उघडतात. साखर उतरली, की बंद करतात. ही गोळी ते दार परस्पर उघडून धरते. आत घास गेला की नाही, हे ती विचारत नाही. म्हणूनच ती जेवणाशी बांधलेली असते. ग्लिमेपिराइड दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाच्या अगदी आधी किंवा जेवणासोबत, साधी ग्लिपिझाइड अर्धा तास आधी. पान वाढलेले असावे, मग गोळी. सकाळी सहा ही गोळीची वेळ नव्हे. सकाळचा नाश्ता ही तिची वेळ.

मग उपासाला काय? आमच्याकडे उपास दोन तऱ्हांचे. हरतालिकेचा निर्जळी उपास वेगळा आणि साबुदाण्याच्या उसळीचा वेगळा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याने साखर उलट चढते. तेव्हा उपास आहे का, एवढे विचारून भागत नाही. पोटात अन्न जाणार का आणि केव्हा, हे विचारावे. जाणार नसेल, तर त्या वेळची सल्फोनिलयुरिया घेऊ नये. एकवेळचे जेवण असेल, तर गोळी त्या जेवणाला बांधावी. मात्र किती मात्रेची, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. उलट्या होत असतील, अन्न टिकत नसेल, तरी हाच नियम. शुगर तपासत राहावी आणि डॉक्टरांना कळवावे. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नये. एका टिकियेत दोन-तीन औषधे असतात, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. त्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर घरची साखर लवकर रक्तात उतरत नाही, कारण तिचे विघटनच ते औषध अडवते. अशा घरात ग्लुकोजची पूड असायलाच हवी.

आत्याला भगर आणि दाण्याची आमटी वाढली. उपासही मोडला नाही. शेजारणी निवांत झाल्या. मी मात्र यंत्र जवळ ठेवले होते. दीड वाजता आकडा पुन्हा ६१. साखर तासाभरात खर्ची पडते. ग्लिमेपिराइडचा अंमल चोवीस तासांपर्यंत राहतो, मूत्रपिंड थकले असेल तर त्याहूनही लांबतो. या कुळाचा खरा धोका हा दुसरा झोका आहे. पहिल्या पेल्याने माणूस उठून बसतो, घरचे झोपू देतात, आणि झोपेत साखर पुन्हा उतरते.

तिला पुन्हा साखरपाणी पाजून आम्ही दवाखान्यात नेले. रात्रभर सलाइनमधून ग्लुकोज चालले. क्रिएटिनिन वाढलेले निघाले. मूत्रपिंड मंदावले होते आणि जुनी मात्रा तशीच चालू होती. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून औषध बदलले. ती बेशुद्ध झाली असती, तर तोंडात थेंबही घालायचा नव्हता. घातलेले पाणी श्वासनलिकेत जाते. तेव्हा कुशीवर वळवून थेट दवाखाना.

तीस वर्षे मी पाकिटांवर ‘जेवणाआधी’ असे लिहून देत होतो. जेवण नसेल तर काय, हे त्यावर कधी लिहिले नाही. आत्याने ‘आधी’ तेवढे पाळले होते.

पुढच्या अष्टमीला ती पुन्हा गेली. पदराच्या गाठीत ग्लुकोजची पुडी होती. गोळी घरी, ताटाशेजारी.