सकाळची बॅच सुटते तेव्हा

आमच्या भाचीचा ड्रायव्हिंगचा क्लास सकाळी सातचा होता. नऊ लेसन झाले, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये नीट पळू लागली, आणि तिला हिंजवडीला नोकरी लागली. कोथरूडहून कंपनीची बस पावणेआठला सुटणार, म्हणजे सातची बॅच गेलीच. शिकवणाऱ्या सरांना एवढंच कळवायचं की आता संध्याकाळी येते. वरवर पाहता हे एका ओळीचं काम आहे. पण तशी एका ओळीची सूचना दिली की पुढचे दोन आठवडे वाया जातात, कारण सरांना उत्तर द्यायला लागणारी माहिती त्या ओळीत नसते.

सरांचा दिवस कसा बांधलेला असतो ते आधी समजून घ्यायला हवं. मोटार ट्रेनिंग स्कूलची गाडी सकाळी निघते ती अर्ध्या-अर्ध्या तासाच्या लेसननी भरलेली असते. सातचा विद्यार्थी आपलं लेसन संपवतो तो साडेसातच्या विद्यार्थ्याच्या दाराशी, तो पुढच्याच्या दाराशी. म्हणून एकाच भागातले विद्यार्थी एकामागे एक लावलेले असतात. संध्याकाळीही अशीच रांग असते, आणि ती सकाळपेक्षा जास्त भरलेली असते, कारण नोकरी करणारे सगळे तिथेच येतात. तेव्हा ‘संध्याकाळी कधीही चालेल’ हे वाक्य सोयीचं वाटलं तरी सरांच्या कामाचं नाही. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: कोणत्या तारखेपासून, नेमके किती वाजता, आणि कुठून गाडीत बसणार.

वेळ ठरवताना नवी माणसं हमखास चुकतात ती इथे. ऑफिस सहाला सुटतं म्हणून ते साडेसहाची वेळ मागतात. हिंजवडीहून चांदणी चौकापर्यंत यायला एखाद्या दिवशी पाऊण तास लागतो, एखाद्या दिवशी दीड. तुम्ही उशिरा पोचलात तर तुमचाच अर्धा तास कापला जातो, मागच्याचं लेसन थांबत नाही. म्हणून बस लवकरात लवकर किती वाजता पोचेल हे न धरता, उशिरात उशिरा किती वाजता पोचेल ते धरायचं आणि त्यावर दहा मिनिटं ठेवायची. भाचीच्या बाबतीत बस साडेसातपर्यंत थांब्यावर येते, म्हणून तिने पावणेआठ मागितले. घरी जाऊन परत येण्याऐवजी थांब्यावरूनच गाडीत बसते, असंही सांगितलं.

यात एक तारीख अशी आहे की ती सरांना तुम्हीच सांगायला हवी: लर्निंग लायसन्स कधी संपतं. ते सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा ते मिळाल्यावर 30 दिवस झाल्यानंतरच देता येते. भाचीचं लर्निंग 10 ऑगस्टचं, म्हणजे ते 9 फेब्रुवारीपर्यंत चालणार. दुसरा हिशेब तासांचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी गाडीसाठी स्कूलचं प्रशिक्षण नाव घातल्यापासून किमान 21 दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान 10 तास हवं. अर्ध्या तासाची 21 लेसन म्हणजे साडेदहा तास, बहुतेक पॅकेजं त्यावरच बेतलेली असतात. चालवलेल्या तासांची नोंद स्कूलच्या रजिस्टरमध्ये होते, त्यावर सही करताना तास खरे आहेत का ते पाहावं. कारण संध्याकाळी घरापासून मोकळ्या रस्त्यापर्यंत जाण्यातच दहा मिनिटं रांगत जातात. गाडी तुम्ही चालवलेली असते, पण क्लच दाबून सोडून दाबून.

आणि हाच माझ्या मते या बदलाचा खरा प्रश्न आहे. सकाळची वेळ आणि संध्याकाळची वेळ यांत शिकायला मिळणाऱ्या गोष्टीच वेगळ्या असतात. नोव्हेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे पावणेआठचं लेसन पूर्ण अंधारातलं. त्यात हाफ क्लच पक्का होतो, समोरच्याला डिपर देणं, प्रखर दिव्यांतून डावी कड धरून राहणं, मधेच घुसणाऱ्या दुचाकीचा अंदाज हे सगळं शिकायला मिळतं. पण रिव्हर्स शिकायला आरशात गाडीची मागची बाजू आणि जमिनीवरची रेघ एकत्र दिसावी लागते. अंधारात ती दिसत नाही, आणि मागे गाड्या उभ्या असल्यावर सरही मोकळेपणी रिव्हर्स करू देत नाहीत. परीक्षेत तर तेच पाहतात, आणि परीक्षा दिवसाउजेडी असते. म्हणून सगळी लेसन संध्याकाळी नेऊ नयेत. आठवड्यात तीन संध्याकाळी आणि रविवारची एक सकाळ मागावी, ती रविवारची सकाळ रिव्हर्स, पार्किंग आणि चढावर थांबून गाडी पुन्हा काढणं यांसाठी राखून ठेवावी. ज्याची दोन-तीनच लेसन झाली आहेत आणि स्टिअरिंगवर अजून हात बसलेला नाही, त्याने सुरुवातीला शनिवार-रविवारची सकाळच धरावी. पहिलीच गर्दी आणि पहिलाच अंधार एकत्र आले की माणूस ब्रेक आणि क्लच यांत गोंधळतो.

भाचीने रुजू होण्याच्या आठवडाभर आधी पाठवलेला निरोप असा होता:

‘सर, नमस्कार. मला नोकरी लागली आहे, सोमवार 3 नोव्हेंबरला रुजू होते आहे. त्यामुळे सकाळी सातला येणं जमणार नाही. बुधवार 5 पासून सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी 7.45 आणि रविवारी सकाळी 7.30 असं जमेल का? संध्याकाळी कोथरूडच्या बस थांब्यावरून बसेन. माझी 9 लेसन झाली आहेत, 12 बाकी आहेत. लर्निंग 9 फेब्रुवारीला संपतं. संध्याकाळी तुम्ही स्वतः असाल का, आणि गाडी तीच असेल का?’

शेवटचे दोन प्रश्न मला फार महत्त्वाचे वाटतात. संध्याकाळच्या रांगेवर बऱ्याचदा दुसरे सर आणि दुसरी गाडी असते. प्रत्येक गाडीचा क्लच वेगळ्या जागी पकडतो, आणि नवे सर तुमचं कुठे अडतं हे ओळखण्यात दोन लेसन घालवतात. तसं असेल तर जुन्या सरांना सांगावं की काय येतं आणि काय येत नाही ते नव्या सरांना कळवा.

सरांनी शुक्रवारच्या पावणेआठला नकार दिला, त्या वेळी दुसरा विद्यार्थी होता. गुरुवार देतो म्हणाले. हिशेब बिघडला नाही: पहिल्या आठवड्यात बुधवार, गुरुवार, रविवार अशी तीन, पुढे दोन आठवडे चार-चार, आणि 24 नोव्हेंबरच्या सोमवारी बारावं. लर्निंग संपायला त्यानंतर अडीच महिने उरतात, म्हणजे एखादं लेसन पावसाने किंवा ऑफिसने खाल्लं तरी घाई करावी लागत नाही. मिळालेलं नवं वेळापत्रक आणि बाकी लेसनचा आकडा मात्र फीच्या कार्डावर लिहून घ्यावा, तोंडी ठरलेलं दोन सरांमध्ये विरून जातं.

एक गोष्ट संध्याकाळी हलवता येत नाही, ती म्हणजे आरटीओतली परीक्षा. सारथी पोर्टलवरचा स्लॉट दिवसाचाच मिळतो, आणि नव्या नोकरीत पहिल्या महिन्यात रजा मागणं जड जातं. म्हणून याच निरोपात किंवा त्याच्या मागोमाग सरांना सांगून ठेवावं की स्लॉट घेण्याआधी मला विचारा, निदान आठ दिवस आधी तारीख कळवा, म्हणजे मी साहेबांकडे अर्धा दिवस मागून ठेवीन.