टांगती फळी समतल कशी होते

गोंदियातल्या किराणा दुकानात छताला रॅक टांगताना चारही थ्रेडेड रॉड (लांबीभर आटे असलेल्या सळया) सारखे कापले की फळी समतल बसेल, असा समज असतो. पण स्लॅबची खालची बाजू क्वचितच समतल असते. पाळण्याच्या दोऱ्या जशा शेवटी खालून जुळवतात, तसेच इथेही फळीखालच्या नटांनी जुळवायचे. १० मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या रॉडवर नट एका फेऱ्यात दीड मिलिमीटर सरकतो. कोपरा ६ मिलिमीटर खाली असेल, तर वरचा नट सैल करून खालचा चार फेरे वर घ्यावा. मग वरचा आवळावा. दोन्हींना रुंद वॉशर हवाच, नाहीतर नट लाकडात रुततो आणि फळी पुन्हा कलते.

खरी काळजी कपलिंग नटची (दोन रॉड जोडणारा लांब नट). एक रॉड जास्त आत गेला, तर दुसऱ्याला मोजकेच आटे मिळतात आणि बाहेरून ते दिसत नाही. म्हणून दोन्ही रॉडवर नटच्या निम्म्या लांबीची खूण आधीच करावी.