‘31 मार्चपूर्वी बुक करा’ : ही तारीख नेमकी कोणाची?

मार्च उजाडला की पुण्यातल्या घरांच्या जाहिरातींची भाषा बदलते. बाणेर, वाकड, हिंजवडी, खराडी, वाघोली, भाग कोणताही असो, मजकूर ठरलेला असतो: ‘रेडी रेकनर वाढणार! 31 मार्चपूर्वी बुक करा’. त्याच्या शेजारी ‘शेवटच्या काही सदनिका’ आणि खाली पाडव्याची खास सवलत. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचा हप्ता या ओळींच्या जोरावर आठवडाभरात ठरवला जातो. त्यामुळे त्या खऱ्या आहेत का, हे एकदा हिशेबाने तपासायला हवे.

आधी रेडी रेकनर. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी मूल्यदरानुसार येणारी किंमत यांपैकी जी जास्त, तिच्यावर लागते. पुण्यात स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार धरून ते 7 टक्के होते. महिलेच्या नावावर घर असेल तर एक टक्का कमी. 2025 च्या 1 एप्रिलला दर वाढले, तेव्हा पुणे महापालिका हद्दीतली सरासरी वाढ 4.16 टक्के होती. समजा, नव्या प्रकल्पातल्या फ्लॅटचा करार 90 लाखांचा आहे आणि रेडी रेकनरनुसार त्याची किंमत 70 लाख निघते. दरवाढीनंतर ती 72 लाख 91 हजारांवर जाईल. शुल्क मात्र 31 मार्चलाही 90 लाखांवरच होते आणि 1 एप्रिललाही 90 लाखांवरच राहील: 6 लाख 30 हजार. फरक शून्य. नव्या प्रकल्पांत विक्रीची किंमत बहुधा सरकारी दराच्या वर असते, म्हणून ज्यांना ही घाई करायला लावली जाते त्यांतल्या बहुतेकांच्या खिशाला त्या तारखेचा धक्का लागत नाही.

धक्का लागतो तो वेगळ्याच लोकांना. पेठेतल्या जुन्या इमारतीतला फ्लॅट 60 लाखांना मिळतो आहे, पण सरकारी दराने त्याची किंमत 65 लाख होते, असे समजा. इथे शुल्क 65 लाखांवर लागणार आणि 4.16 टक्के वाढीने ते सुमारे 19 हजारांनी चढणार. या माणसाने 31 मार्च गाठावा, हे योग्यच. पण त्याच्यासाठी पानभर जाहिरात कोणी देत नाही. बिल्डरच्या बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. वाढीव एफएसआयसाठी भरावा लागणारा प्रीमियम रेडी रेकनरशी बांधलेला असतो, त्यामुळे नव्याने मंजुरी घेणाऱ्या प्रकल्पांचा खर्च दरवाढीने खरोखर वाढतो. मात्र प्रीमियम भरून मजले चढलेल्या इमारतीला हे कारण लागू पडत नाही. शिवाय दर दरवर्षी वाढतातच असेही नाही. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी सरकारने ते जैसे थे ठेवले.

खरी मुदत कशी असते, हे पुणेकरांनी 2020 मध्ये पाहिले आहे. करोनाकाळात राज्य सरकारने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळासाठी मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची आणि पुढे 31 मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांची कपात केली. आपल्या 90 लाखांच्या फ्लॅटवर डिसेंबरपर्यंतची बचत 2 लाख 70 हजार होती. तारीख सरकारची होती, रक्कम कोणालाही पडताळता येत होती आणि मुदत संपल्यावर सवलत खरोखर संपली. ‘लवकर करा’ म्हणण्याचा जाहिरातदाराला पूर्ण अधिकार होता. तरीही एक बारकावा बहुतेक जाहिरातींतून सुटला. डिसेंबरअखेरपर्यंत शुल्क भरून करारावर सह्या झाल्या असतील, तर नोंदणीसाठी कायद्याने पुढे चार महिने मिळतात. नोंदणी विभागाने तसा खुलासाही केला होता. म्हणजे मुदत खरी असली तरी ती कोणत्या टप्प्याला लागू आहे हे न सांगितल्याने दुय्यम निबंधक कार्यालयांसमोरची गर्दी आणखी वाढली.

म्हणून जाहिरात वाचताना मी पहिला प्रश्न विचारतो: तारीख कोणी ठरवली? सरकारने किंवा बँकेने ठरवली असेल, तर ती तपासता येते. विक्रेत्याने स्वतः ठरवली असेल, तर ते त्याचे वचन असते, आणि त्या दिवशी सवलत बंद करणे त्याच्यावर बंधनकारक असायला हवे. पाडव्याची सवलत ‘लोकाग्रहास्तव’ अक्षय्य तृतीयेपर्यंत आणि तिथून पावसाळी योजनेपर्यंत सरकत गेली, की ज्याने पाडव्याला धावपळ करून दागिने मोडले त्याची फसवणूक झालेली असते. मग तो आपल्या भावाला, सहकाऱ्याला सांगतो, ‘थांब, अजून कमी होईल.’ पुढच्या वर्षी तोच बिल्डर खरी मुदत घेऊन आला तरी लोक थांबूनच राहतात.

‘शेवटच्या चार सदनिका’ हे वाक्य तपासायला अधिक अवघड आहे, कारण ते अनेकदा शब्दशः खरे असते. मोठ्या प्रकल्पांची महारेरा नोंदणी टप्प्याटप्प्याने, कधी एकेका इमारतीची वेगळी होते. ए विंगमध्ये चार उरल्या असतील, पण बी विंगचा वेगळा क्रमांक आलेला असतो आणि सी विंग रांगेत असते. वाचणाऱ्याला मात्र वाटते की प्रकल्पच संपत आला. खोटे न बोलता दिशाभूल होते ती इथे, आणि माझ्या मते मर्यादाही इथेच ओलांडली जाते. रेरा कायद्यानुसार किती सदनिकांचे बुकिंग झाले याची माहिती बिल्डरने दर तिमाहीला महारेराच्या संकेतस्थळावर अद्ययावत करायची असते. जाहिरातीतला क्यूआर कोड स्कॅन केला की ती समोर येते. आकडा तीन महिन्यांपर्यंत जुना असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. पण तिथे निम्म्या सदनिका रिकाम्या दिसत असतील, तर विक्री अधिकाऱ्याकडे तारखेसह आजची यादी मागा. त्याच प्रवर्तकाचे त्याच परिसरातले इतर नोंदणी क्रमांकही शोधा.

नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतल्या तेरा प्रकारांत पहिलाच प्रकार खोट्या निकडीचा आहे आणि असलेल्यापेक्षा साठा कमी असल्याचे सांगणे त्यात स्पष्ट नमूद आहे. पण घरांच्या जाहिरातींवरची प्रत्यक्ष नजर बरीचशी दुसरीकडे असते. 2024 मध्ये जाहिरातींवरून महारेराने राज्यात 628 प्रकल्पांना दंड केला, त्यांत पुणे विभागातले 250 होते. तो रोख प्रामुख्याने नोंदणी क्रमांक, क्यूआर कोड यांसारख्या त्रुटींवर होता. क्रमांक बरोबर छापला आणि शेजारी ‘शेवटच्या चार’ लिहिले, तर ते चार मोजायला कोणी जात नाही. महारेराकडे तिमाही आकडे आहेत आणि जाहिरातीही आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहणे अशक्य नाही, ते सुरू व्हायलाच हवे.

तोवर खरेदीदाराच्या हाती एक चांगले साधन आहे. रेरा कायद्याचे कलम 12 सांगते की जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर भरपाई मिळते; घर नको असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते. त्यासाठी विधान सिद्ध व्हावे लागते आणि ‘आज टोकन दिले नाही तर उद्या दोन लाख वाढतील’ हे वाक्य बहुतेकदा सॅम्पल फ्लॅटमध्ये तोंडीच उच्चारले जाते. घरी आल्यावर त्या अधिकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा: दर कोणत्या तारखेपासून, किती आणि कशामुळे वाढणार? कोणत्या विंगमध्ये, किती पैकी किती उरल्या? उत्तर आले तर ते जाहिरातीच्या कात्रणाबरोबर जपून ठेवा. उत्तर आले नाही, तर टोकनचा धनादेश लिहू नका.